निफाडकडील नाल्याचा छेद : क्षेत्रभेटीच्या निमंत्रणपत्राच्या नोंदी

१२ नोव्हेंबर २०२४

तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाळाच्या थरांचा छेद प्रत्यक्ष मोजायला न्यायचे, हे सत्राच्या सुरुवातीलाच ठरले होते. कुठे न्यायचे, एवढेच बाकी होते. नाशिकच्या महाविद्यालयात भूशास्त्र शिकवताना ही अडचण दरवर्षी येते, कारण आपल्या पायाखाली आणि डोंगरांच्या माथ्यापर्यंत बेसाल्टच आहे. मध्य प्रदेशात बाघ परिसरात क्रिटेशियस काळातले वालुकाश्म आणि चुनखडक दख्खनच्या लाव्हाखाली उघडे पडलेले दिसतात आणि ते विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखे आहेत यात शंका नाही. पण त्यासाठी मुक्काम, बस आणि मोठी वर्गणी लागते, आणि एवढे करून प्रत्येक थराजवळ जेमतेम अर्धा तास मिळतो. छेद मोजायला शिकायचे असेल, तर एकाच भिंतीसमोर पूर्ण दिवस काढावा लागतो.

म्हणून गोदावरीच्या खोऱ्यातला गाळ निवडायचे ठरवले. हा गाळ अजून खडक झालेला नाही, तेव्हा तो अभ्यासक्रमातल्या ‘स्तरित खडक’ या प्रकरणात बसतो का, असा प्रश्न विभागाच्या बैठकीत आला. माझे उत्तर असे की थर, थरांच्या सीमा, कणांचा आकार, प्रवाहाची दिशा आणि मध्येच हरवलेला काळ या सर्व गोष्टी येथेही तशाच वाचाव्या लागतात. शिवाय तळाची खडी चुन्याने इतकी घट्ट बांधली गेली आहे की हातोडीखाली ती खडकासारखीच वागते. नांदूर मध्यमेश्वरचा विचार मात्र सोडून दिला. बंधाऱ्यामागे साचलेला गाळ पाहण्यासारखा आहे, पण ते अभयारण्य आहे. परवानगीशिवाय तेथे खणता येणार नाही आणि पक्ष्यांच्या हंगामात वीस-पंचवीस जणांनी काठावर कुदळी घेऊन उभे राहणे बरेही दिसणार नाही.

१६ नोव्हेंबर २०२४

निफाड तालुक्यात गोदावरीला मिळणारा एक नाला पाहून आले. द्राक्षबागांच्या मागून जाणाऱ्या या नाल्याने एका वळणावर काठ कापला असून तेथे पूर्वेकडे तोंड असलेली उभी भिंत तयार झाली आहे. सकाळी तिच्यावर सरळ ऊन पडते, म्हणजे मोजणीचे काम दुपारच्या आत संपवावे लागेल. नाल्याचे गाव आणि गट क्रमांक पत्रात देणार नाही. काठ खासगी मालकीचा आहे आणि विद्यार्थ्यांनी परस्पर तेथे जाऊ नये.

प्रयोगशाळेतल्या मामांनी फावड्याने भिंतीचा हातभर रुंदीचा पट्टा वरपासून खालपर्यंत तासून दिला. हे तासणे अत्यावश्यक आहे, कारण पावसाळ्यात वरची काळी माती ओघळून संपूर्ण भिंतीवर तिचा लेप बसतो आणि न तासलेल्या भिंतीत एकच थर असल्याचा भास होतो. तासल्यावर पट्ट्यावर पाणी फवारले, तेव्हा रंगांतला फरक उठून दिसला.

तळाशी मुरूम झालेला बेसाल्ट आहे. त्यावर १.२ मीटर जाडीची बांधलेली खडी आहे; तिच्यात बेसाल्टचे गोटे आणि अधूनमधून कॅल्सेडोनीचे तुकडे आहेत. चपटे गोटे कौलांसारखे एकमेकांवर रेलून एकाच बाजूला कललेले आहेत. गोटे प्रवाहाच्या उगमाकडे कलतात, त्यामुळे पाणी कोणत्या दिशेने वाहत होते ते येथे उभ्या-उभ्या सांगता येते. खडीवर २.४ मीटर पिवळसर तपकिरी बारीक गाळ आहे. त्याच्या वरच्या भागात चुन्याच्या गाठी दाट आहेत, खाली त्या विरळ होत जातात. त्यावर खडीचा एक भिंगासारखा पट्टा आहे. त्याची जाडी मध्यभागी ३५ सेंटिमीटर आहे आणि दोन्ही बाजूंना तो निमुळता होत संपतो. त्याच्यावर १.९ मीटर तपकिरी गाळ आणि सर्वांत वर ०.९ मीटर काळी माती. एकूण उंची ६.७५ मीटर भरली.

मला या भेटीसाठी हवा होता तो प्रश्न त्या पातळ पट्ट्यातच सापडला. त्यातले बरेचसे खडे बेसाल्टचे नसून चुन्याचे आहेत. खालच्या गाळातही चुन्याच्या गाठी, वरच्या पट्ट्यातही चुन्याचेच खडे. दोन्ही पांढरे, दोन्ही आम्लावर फसफसणारे. पण एक जागेवर वाढलेले आहे आणि दुसरे वाहून आलेले आहे, आणि हा फरक ओळखता आला तर छेदाचा इतिहास बदलतो.

२१ नोव्हेंबर २०२४

काल मतदान झाले. विभागातले निम्मे शिक्षक निवडणूक कामावर असल्याने आठवडा त्यातच गेला. जमीनमालकांशी दूरध्वनीवर बोलणे झाले. त्यांनी परवानगी दिली आणि एक उपयुक्त गोष्ट सांगितली, ती अशी की कालव्याचे आवर्तन सुरू असले की शेतांचे पाणी या नाल्यात उतरते आणि भिंतीचा पायथा चिखलात जातो. आवर्तनाचे वेळापत्रक पाहून ८ डिसेंबर, रविवार, हा दिवस नक्की केला. मातीत चुना आहे हे त्यांना नव्याने सांगावे लागले नाही. माती परीक्षणाच्या अहवालात मुक्त चुन्याचा आकडा जास्त आला की द्राक्षाची पाने लोहाअभावी पिवळी पडतात, हे येथल्या प्रत्येक बागायतदाराला ठाऊक असते.

२६ नोव्हेंबर २०२४

पत्राचा पहिला मसुदा लिहून झाला आणि त्यातला बराच भाग काढून टाकला. गोदावरी खोऱ्याची माहिती, अश्मयुगीन हत्यारे, हवामानबदल असे सर्व काही त्यात आले होते. गंगापूर येथे नदीच्या खडीत पुरातत्त्वज्ञ सांकलियांना सापडलेली दगडी हत्यारे हा नाशिकच्या गाळाचा मोठा विषय आहे, तथापि तो पत्रात घातला तर निम्मा वर्ग दिवसभर हत्यारे शोधत बसेल आणि छेद तसाच राहील.

पत्रात एकच प्रश्न ठेवायचा आणि तो सोडवण्याच्या खुणा आधीच सांगायच्या, असे ठरवले. काही सहकाऱ्यांच्या मते खुणा आधी सांगितल्या तर विद्यार्थ्यांचा शोधण्याचा आनंद जातो. मला तसे वाटत नाही. काय पाहायचे हे ठाऊक नसलेला विद्यार्थी भिंतीसमोर उभा राहून ‘पांढरे खडे’ एवढेच लिहितो. खुणा ठाऊक असूनही त्या प्रत्यक्ष भिंतीत पटकन जुळत नाहीत, आणि खरे काम तेथून पुढे असते.

३० नोव्हेंबर २०२४

पत्र आज पाठवले. त्याचा मजकूर नोंदीसाठी येथे उतरवून ठेवत आहे.

‘विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

रविवार, दिनांक ८ डिसेंबर रोजी निफाड तालुक्यातील एका नाल्याच्या काठावर गाळाच्या थरांचा छेद मोजण्यासाठी आपण जाणार आहोत. या भेटीत आपण एकच भिंत पाहू आणि तिचे मोजमाप पूर्ण करूनच परत येऊ. तुमच्यापैकी ज्यांना दिवसभर एका जागी उभे राहून काम करण्याची तयारी आहे, त्यांनी अवश्य यावे.

या भिंतीत पाच थर आहेत. त्यांपैकी दोन थरांत चुन्याचे पांढरे खडे दिसतील. पावसाच्या पाण्यात विरघळलेले कॅल्शियम जमिनीत मुरते आणि पाणी सुकले की त्याचे कार्बोनेट मागे राहते. बेसाल्टच्या झिजेतून कॅल्शियमचा पुरवठा होत असल्याने आपल्या भागात ही क्रिया सहज घडते. मात्र त्यासाठी पाऊस बेताचा असावा लागतो. इगतपुरीच्या मुसळधार पावसात चुना धुऊन जातो. निफाडकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरच पाऊस पडतो, म्हणून तो मातीत साचून राहतो. अशी गाठ तयार होण्यासाठी जमिनीचा पृष्ठभाग दीर्घ काळ स्थिर राहावा लागतो. दरवर्षी जेथे नवा गाळ पडतो किंवा जुना वाहून जातो, तेथे ती नीट वाढत नाही. म्हणून जागेवर वाढलेली गाठ म्हणजे एकेकाळी तेथे जमीन होती आणि ती बराच काळ शांत होती, याचा पुरावा होय. वाहून आलेला चुन्याचा खडा मात्र याच्या उलट सांगतो: अशी जमीन दुसरीकडे कुठेतरी होती आणि पाण्याने ती फोडली.

तुम्हांला प्रत्येक थराबाबत ठरवायचे आहे की त्यातले खडे जागेवर वाढलेले आहेत की वाहून आलेले. जागेवर वाढलेली गाठ ओबडधोबड असते, तिच्या कडा भोवतालच्या गाळात हळूहळू मिसळतात आणि फोडल्यावर आत तोच गाळ अडकलेला दिसतो. अनेकदा अशा गाठी मुळांच्या वाटेने उभ्या वाढलेल्या असतात. वाहून आलेला खडा गोलसर आणि स्वच्छ कडांचा असतो, तो आपल्या आकाराच्या बेसाल्टच्या खड्यांसोबत पडलेला असतो, आणि त्याच्या आतली वलये कडेला येऊन एकदम तुटलेली दिसतात. एका खुणेवर निर्णय घेऊ नका. किमान दहा खडे फोडून पाहा आणि दोन्ही बाजूंचा पुरावा वहीत लिहा.

थरांआधी थरांच्या सीमा काढा. सीमा तीक्ष्ण आहे की हळूहळू बदलणारी, सरळ आहे की खाली खोदत गेलेली, हे प्रत्येक ठिकाणी नोंदवल्याशिवाय थराचे वर्णन सुरू करू नये.

प्रत्येक गटाने पाच मीटरची टेप, कोन मोजण्यासाठी क्लिनोमीटर, बहिर्गोल भिंग, खुरपे, पाण्याची फवारणी बाटली, जाड कागदाची वही आणि पेन्सिल आणावी. शाईचे पेन आणू नये, फवाऱ्याने अक्षरे पसरतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल विभागातून मिळेल. कोणीही ते घरी तयार करू नये. पायांत बंद बूट असावेत. सकाळी निफाडकडे कडाक्याची थंडी असते, म्हणून स्वेटर घ्यावा.

भिंतीच्या माथ्यावर कोणीही जायचे नाही आणि पायथा पोखरलेल्या भागाखाली बसायचे नाही. काळी माती या दिवसांत भेगाळते आणि भेगेपलीकडचा भाग सूचना न देता कोसळतो. ही अट मान्य नसल्यास भेटीस येऊ नये.

निघण्याची वेळ सकाळी साडेसहा, महाविद्यालयाचे फाटक. जेवणाचा डबा प्रत्येकाने आपला आणावा.’

४ डिसेंबर २०२४

पत्राला आलेल्या प्रश्नांपैकी दोन नोंदण्यासारखे आहेत.

एका विद्यार्थिनीने विचारले, ‘मॅडम, भिंत पूर्ण उभी नसेल तर टेप कशी धरायची?’ प्रश्न रास्त आहे, कारण आमच्या भिंतीचा खालचा भाग उतरता आहे. तेथे थर आडवे आहेत. त्यामुळे उतारावर टेप लावून मिळालेल्या लांबीला उताराच्या कोनाच्या साइनने गुणले की थराची खरी जाडी मिळते. उतार ५० अंश आणि टेपवरची लांबी ४ मीटर असेल, तर जाडी ४ × ०.७६६, म्हणजे सुमारे ३.०६ मीटर येते. न गुणता लिहिले तर जवळपास एक मीटर जास्तीचा थर कागदावर तयार होतो. थर स्वतःच कललेले असते तर हिशेब वेगळा करावा लागला असता. येथे त्याची गरज नाही, पण क्लिनोमीटर थरावरही लावून कल शून्य असल्याची खात्री करून घ्यावी, असे कळवले.

दुसऱ्याने विचारले की आम्लावर फसफसले म्हणजे तो चुन्याचा खडा, असे धरून चालेल का. चालणार नाही. इथला बारीक गाळ आणि काळी मातीही थोडीफार फसफसते, कारण चुना तिच्यात विखुरलेला असतो. शिवाय बेसाल्टच्या पोकळ्यांतून सुटून आलेले पांढरे स्फटिकही खडीत असतात. पांडवलेण्याच्या बाजूच्या खाणींतून प्रसिद्ध असलेली स्टिल्बाइट, अपोफिलाइट ही खनिजे फसफसत नाहीत, पण कॅल्साइटचा स्फटिक जोरात फसफसतो. तो भिंगाखाली चकचकीत सपाट पृष्ठांनी फुटलेला दिसतो. जमिनीतली गाठ मात्र मळकट असते आणि पिठासारखी फुटते. आम्लाने फक्त चुना आहे एवढेच कळते, तो कुठून आला ते कळत नाही.

आम्ल आज प्रयोगशाळेत तयार करून घेतले: तीन भाग पाण्यात एक भाग संहत आम्ल, साधारण दहा टक्क्यांचे द्रावण. मामांनी नेहमीप्रमाणे पाण्यातच आम्ल ओतले. उलट करू पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याला त्यांनी माझ्याआधी अडवले.

८ डिसेंबर २०२४

साडेआठपर्यंत भिंत धुक्यात होती. ऊन आल्यावर पाच गटांनी पाच ठिकाणी पट्टे तासले आणि दुपारी एकपर्यंत मोजणी पूर्ण झाली.

खालून दुसऱ्या, म्हणजे पिवळसर तपकिरी गाळाच्या थराबाबत सर्व गटांचे एकमत झाले. गाठी वेड्यावाकड्या, कडा विरत जाणाऱ्या, काही मुळांच्या आकाराच्या उभ्या. त्या जागेवर वाढलेल्या आहेत. एका गटाने यापुढचे निरीक्षण केले आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. जमिनीत चुना अगदी पृष्ठभागावर साचत नाही; पावसाचे पाणी वरचा भाग धुऊन काढते आणि चुना काही अंतर खाली बसतो. येथे मात्र गाठी थराच्या अगदी माथ्यावर सर्वांत दाट आहेत आणि त्यांच्यावर लगेच तीक्ष्ण सीमा आहे. याचा अर्थ जुन्या जमिनीचा बिनगाठींचा वरचा भाग नंतर कापला गेला. किती जाडीचा भाग गेला हे या भिंतीवरून सांगता येत नाही, आणि त्या गटाने तसा आकडा लिहिला नाही, हे योग्यच केले.

तिसऱ्या थरावर वाद झाला. तीन गटांनी खडे वाहून आलेले ठरवले: गोल कडा, सोबत बेसाल्टचे खडे, खाली खोदत गेलेला तळ. उरलेल्या दोन गटांना मात्र अनेक खड्यांवर चुन्याचे कवच दिसले होते आणि कवच आहे म्हणजे खडा जागेवर वाढला, असा त्यांचा युक्तिवाद होता. दोन्ही निरीक्षणे खरी होती. तेव्हा खडे उपटण्याआधी प्रत्येकाच्या वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा आणि मग काढा, असे सांगितले. खूण केलेले खडे उलटून पाहिले तेव्हा बहुतेकांवरचे कवच खालच्या बाजूलाच जाड होते. कोरड्या जमिनीत पाणी खड्याच्या बुडाशी लटकून सुकते, म्हणून चुना तेथेच बसतो. कवचासकट खडे वाहून आले असते तर कवचे निरनिराळ्या दिशांना वळलेली सापडली असती. म्हणजे आतला गाभा आधी वाहून आला, आणि बाहेरचे कवच तो येथे थांबल्यावर वाढले. गाभ्याची तुटलेली वलये आणि त्यांच्यावरून सलग गेलेले कवच एकाच फोडलेल्या खड्यात दाखवता आले, तेव्हा वाद मिटला.

यावरून क्रम असा लागतो. गाळ साचला, त्यावर जमीन स्थिर झाली आणि चुन्याच्या गाठी वाढल्या, मग पाण्याने त्या जमिनीचा माथा कापला आणि सुटलेल्या गाठी घासत नेऊन उथळ पात्रात टाकल्या, पात्र भरून वर पुन्हा गाळ साचला, आणि त्या काळात चुना परत वाढू लागला. वयाचा प्रश्न जेवणाच्या वेळी निघालाच. गाठींमधल्या कार्बनवरून काढलेले वय गाळाचे वय नसते, कारण गाठ गाळ पडल्यानंतर वाढते आणि तिच्यात नवा कार्बन येत राहतो. वाळूच्या कणांना शेवटचे ऊन कधी लागले हे मोजणारी प्रकाशदीप्तीची पद्धत अधिक योग्य ठरते, पण तिला सोयीचे असलेले क्वार्ट्झ बेसाल्टच्या खोऱ्यात फारसे मिळत नाही आणि फेल्डस्पारवर काम करावे लागते. आमच्या अहवालात म्हणून क्रम येईल, वर्षे येणार नाहीत.

काळ्या मातीत दीड हात खोल एका विद्यार्थ्याला बाटलीच्या काचेचा तुकडा मिळाला. तो उभ्या, खाली निमुळत्या होत गेलेल्या काळ्या जिभेत होता, म्हणजे भेगेतून पडलेला. त्याने तो तुकडा नोंदवून त्याच्याभोवतीच्या जिभेचे चित्रही काढले, हे चांगले झाले.

१० डिसेंबर २०२४

पाचही गटांचे आकडे एकत्र मांडले. दुसऱ्या आणि तिसऱ्या थरांमधली सीमा दोन गटांत वीस सेंटिमीटरने वेगळी येते. मोजणी तपासली, दोन्ही बरोबर आहेत. एक पट्टा जुन्या पात्राच्या मध्यावर आणि दुसरा त्याच्या कडेजवळ तासलेला होता, त्यामुळे सीमा तेवढी वरखाली असणारच. म्हणून पाच स्वतंत्र स्तंभांऐवजी पाचही स्तंभ त्यांच्या जागी ठेवून मधल्या सीमा जोडणारे एकच आडवे चित्र काढायचे आहे. एकास वीस प्रमाणात ६.७५ मीटरची उंची ३३.७५ सेंटिमीटर येते; ए-थ्री कागद उभा धरल्यास ती बसते, पण पाच स्तंभांच्या रुंदीसाठी कागद जोडावे लागतील. तिसऱ्या थरातले वरची बाजू खूण केलेले सहा खडे करवतीने उभे कापून घासायला मामांकडे दिले आहेत. ते तयार होईपर्यंत कोणीही त्या थराचे अंतिम वर्णन लिहू नये, असे गटप्रमुखांना कळवले.